सहा ओळींची यादी: ऑफिस हलवताना सापडलेली न लिहिलेली कामं

इंटर्न म्हणून माझ्याकडे ऑफिसच्या स्थलांतराचं नियोजन आलं, तेव्हा हातात सहा ओळींची यादी होती. सामान हलवणाऱ्या कंपनीकडून दर मागवणे, खोकी भरणे, नव्या जागेत मांडणी करणे, इंटरनेट जोडून घेणे, सगळ्यांना नवा पत्ता कळवणे, जुन्या जागेच्या चाव्या परत देणे. माणसं ४२, हाताशी १२ आठवडे, सामान शनिवारी निघणार आणि सोमवारी सकाळी काम सुरू होणार. जुन्या जागेचा करार त्यानंतर दोन आठवड्यांनी संपत होता.

या सहाही ओळी खऱ्या होत्या. पण त्या सगळ्या हातांनी करायच्या कामांच्या होत्या. स्थलांतराचा कालावधी हातांच्या कामावर ठरत नाही, तो परवानग्या आणि वाट पाहण्यावर ठरतो, आणि नेमक्या याच गोष्टी कुणी यादीत लिहीत नाही. खोकी भरायला दोन दिवस लागतात. एका सहीसाठी दोन आठवडे जाऊ शकतात.

न लिहिलेली कामं शोधायला मी प्रत्येक ओळीला तीनच प्रश्न लावले: हे सुरू होण्याआधी काय तयार हवं? याला ‘हो’ कोण म्हणणार? आणि हे पूर्ण झालं हे कशावरून कळणार? पहिल्या प्रश्नातून आधीची कामं बाहेर येतात, दुसऱ्यातून परवानग्या आणि तिसऱ्यातून चाचण्या. ‘इंटरनेट जोडून घेणे’ या ओळीला हे प्रश्न लावल्यावर तिच्या पोटातून इतकी कामं निघाली, की बाकीचं सगळं वेळापत्रक तिच्याभोवती पुन्हा आखावं लागलं.

सेवा पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस आधी जागा पाहून जातो, त्याला एक आठवडा. मग दरपत्रक येतं आणि त्याला आपल्या हिशेब विभागाची मंजुरी लागते, तो आणखी एक. प्रत्यक्ष काम सहा आठवडे, कारण फायबर रस्त्यावरून इमारतीत आणायची असते. शेवटी चाचणीचा एक आठवडा. बेरीज नऊ. बारा आठवड्यांत तीन शिल्लक, म्हणजे निवांत वाटतं.

मग ‘हो कोण म्हणणार’ हा प्रश्न. फायबर इमारतीच्या उभ्या डक्टमधून आपल्या मजल्यावर येणार. तो डक्ट भाडेकरूचा नसतो, इमारतीच्या मालकाचा असतो. त्याची लेखी परवानगी लागते आणि तिला दोन आठवडे धरायला हवेत. ही परवानगी मालक भाडेकरूला देतो, म्हणजे आधी भाडेकरार सही होऊन यायला हवा. करार वकिलांकडे होता आणि तो सही होऊन यायला तीन आठवडे लागणार होते. आता साखळी अशी झाली: करार ३, परवानगी २, फायबरचं काम ६, चाचणी १. एकूण बारा. जागेची पाहणी आणि दरपत्रक करार होईपर्यंतच्या तीन आठवड्यांत बसत होतं, त्यामुळे त्याचा वेळ वेगळा लागत नव्हता. पण शिल्लक शून्य. कुठल्याही एका सहीला दोन दिवस उशीर झाला, तर सोमवारी इंटरनेट नाही.

यावर उपाय जास्त मजूर लावून किंवा जास्त पैसे देऊन निघत नाही. साखळीतली एक कडीच काढावी लागते. फायबर आणण्याची परवानगी वेगळ्या पत्राने मागण्याऐवजी ती भाडेकराराच्या मसुद्यातच एक कलम म्हणून घालायची: भाडेकरूने नेमलेल्या सेवा कंपनीला डक्ट आणि छतावरची केबल ट्रे वापरू देण्यास मालकाची संमती आहे. करार सही झाला की परवानगीही झाली. साखळी तीन, सहा, एक अशी दहा आठवड्यांवर आली आणि दोन आठवडे मोकळे झाले. मसुदा अजून वकिलांकडे फिरत असताना हे कलम घालणं सोपं असतं. सही झाल्यानंतर त्याच चार ओळींसाठी पुन्हा पत्रव्यवहार करावा लागतो. म्हणून इंटरनेटचं नियोजन करार होण्याआधी सुरू करायचं, नंतर नाही.

फायबर उशिरा आली तर मोबाईल डेटावर चालणारा राउटर लावू, असं बरेच जण सांगतात. ईमेल आणि ब्राउझिंगपुरतं ते ठीक आहे. पण मोबाईल जोडणीवर बहुधा स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो. त्यामुळे बाहेरून ऑफिसच्या सर्व्हरपर्यंत पोहोचणारी व्हीपीएन जोडणी त्यावर चालत नाही. घरून काम करणारी माणसं असतील, तर हा पर्याय त्यांच्यासाठी पर्यायच नाही.

आयपी पत्त्याचीही एक वेगळी बाजू आहे आणि ती मला सगळ्यात उशिरा दिसण्यासारखी वाटली, कारण ती आपल्या ऑफिसात कुठेच लिहिलेली नसते. नवी जोडणी म्हणजे नवा सार्वजनिक आयपी पत्ता. जुना पत्ता मात्र बाहेरच्या लोकांनी आपापल्या यंत्रणेत नोंदवून ठेवलेला असतो. एखाद्या ग्राहकाचा सर्व्हर फक्त ठरावीक पत्त्यांवरूनच आत येऊ देतो, एखादं बँकिंग पोर्टल तसंच असतं, बॅकअप सेवाही तशीच. ही यादी त्यांच्याकडे असते. आपल्या फायरवॉलमध्ये शोधून ती सापडत नाही.

ती शोधायची पद्धत साधी आहे, पण तिला नवी जोडणी आधीच चालू असावी लागते. दोन मोकळे आठवडे इथे उपयोगी पडतात. दहाव्या आठवड्यात फायबर चालू झाली की एक लॅपटॉप घेऊन नव्या जागेत बसायचं आणि प्रत्येक विभागाने दिलेल्या यादीतली सेवा एकेक करून उघडायची. जुन्या जागेतून उघडते आणि नव्या जागेतून नाकारते, ती सेवा पत्ता तपासते असं समजायचं. प्रत्येक विभागाकडून यादी घेताना ‘रोज काय वापरता’ एवढं विचारून भागत नाही. महिन्यातून एकदा, तिमाहीतून एकदा काय उघडता, हेही विचारायचं. कर भरण्याचं पोर्टल किंवा पगाराची फाईल पाठवण्याची सेवा सोमवारी कुणाला आठवत नाही, ती महिनाअखेरीला अडते.

समोरच्यांना पत्र लिहिताना ‘पत्ता बदला’ असं लिहायचं नाही. ‘हा नवा पत्ता जुन्याच्या जोडीला घाला, जुना काढण्याबद्दल आम्ही नंतर कळवू’ असं लिहायचं. बदला म्हटलं की कुणीतरी बुधवारीच बदलतो आणि गुरुवार-शुक्रवार जुन्या ऑफिसातून काम बंद पडतं.

आपल्याच नावाच्या डीएनएस नोंदींना, म्हणजे कुठल्या नावाचा आयपी पत्ता कोणता हे सांगणाऱ्या नोंदींना, दुसरी काळजी लागते. व्हीपीएनचं नाव जुन्या पत्त्याकडे बोट दाखवत असतं आणि त्या नोंदीला एक मुदत असते, टीटीएल. तेवढे सेकंद जगभरचे सर्व्हर जुनं उत्तर जपून ठेवतात. ती किती आहे हे आपल्या मूळ नेमसर्व्हरलाच विचारायचं, कारण मधल्या सर्व्हरला विचारलं तर मुदतीतला फक्त उरलेला भाग दिसतो:

```
dig @ns1.example.com vpn.example.com A +noall +answer
vpn.example.com.  86400  IN  A  203.0.113.10
```

८६४०० सेकंद म्हणजे पूर्ण एक दिवस. शनिवारी संध्याकाळी नोंद बदलली, तर काही लोकांना रविवारी संध्याकाळपर्यंत जुनाच पत्ता मिळत राहील. म्हणून ही मुदत आधीच ३०० सेकंदांवर आणायची. मात्र मुदत कमी केल्याची बातमीसुद्धा जुनी मुदत संपल्यावरच सगळीकडे पोहोचते, त्यामुळे हे काम गुरुवारी करायचं, शनिवारी सकाळी नाही. बदल नीट चालतोय याची खात्री झाली, की आठवड्याभराने ती पुन्हा वाढवायची.

ऑफिसातून थेट मेल पाठवणारी यंत्रं असतील, उदाहरणार्थ स्कॅन करून मेल करणारे प्रिंटर, तर आपल्या नावाने कुठल्या पत्त्यांवरून मेल जाऊ शकते हे सांगणाऱ्या एसपीएफ नोंदीतही नवा पत्ता लागतो. काही दिवस दोन्ही पत्ते राहू द्यायचे:

```
v=spf1 ip4:203.0.113.10 ip4:198.51.100.20 -all
```

नोंदीत आधीपासून मेल सेवेचे इतर भाग असतील तर ते तसेच ठेवून फक्त नवा तुकडा घालायचा. हे राहून गेलं तर प्रिंटर ‘पाठवलं’ म्हणतो आणि मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये पडते किंवा नाकारली जाते. तक्रार मात्र ‘स्कॅनर बिघडला’ अशी येते.

‘मांडणी करणे’ या ओळीचा गुंता तांत्रिक नव्हता. कोण कुठे बसणार हा निर्णय विभागप्रमुखांचा, आणि तो त्यांना शेवटच्या आठवड्यात घ्यायचा असतो. पण नेटवर्कच्या वायरी भिंतीत आणि जमिनीखाली जातात, त्या फर्निचर येण्याआधी. ४२ जागांना प्रत्येकी दोन पॉइंट म्हणजे ८४, वायफायच्या चार उपकरणांना चार, तीन प्रिंटर, बैठकीच्या खोलीत दोन. एकूण ९३. या सगळ्या वायरी जिथे येऊन जुळतात त्या चोवीसच्या चार पॅच पॅनेलमध्ये ९६ बसतात, म्हणजे तीनच मोकळे. आठव्या आठवड्यात कुणी ‘आमच्याकडे अजून दोघं बसवा’ म्हणालं, की त्यांचे चार पॉइंट बसत नाहीत आणि पाचवं पॅनेल, आणखी वायर, पुन्हा ओढकाम असं सगळं मागून येतं.

म्हणून मी विभागप्रमुखांना ‘कोण कुठे बसणार’ हे विचारणं सोडलं आणि ‘टेबलं कुठे असणार’ एवढंच विचारलं. टेबलांच्या जागा चौथ्या आठवड्याअखेर पक्क्या, माणसांची नावं अकराव्या आठवड्यापर्यंत बदलता येतील. प्रश्नाचे असे दोन भाग केले, तर पहिल्याचं उत्तर लवकर मिळतं, कारण त्यात कुणाचा मान दुखावत नाही. प्रत्येक टेबलाला क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक भिंतीतल्या पॉइंटवर, पॅच पॅनेलवर, खोक्यावर आणि खुर्चीवर. खोक्यावर माणसाचं नाव लिहिलं तर हमालाला ते कुठे ठेवायचं हे कळत नाही, क्रमांक लिहिला तर कळतं.

वायरीची लांबीही आधी मोजायची. तांब्याच्या वायरीने पॅनेलपासून भिंतीतल्या पॉइंटपर्यंत ९० मीटर आणि दोन्ही टोकांच्या जोडवायरी धरून १०० मीटर ही मर्यादा आहे. नकाशावर सरळ रेषेत ६० मीटर दिसणारं अंतर छतापर्यंत वर, ट्रेमधून वळसे घेत आणि पुन्हा खाली येताना सहज ८० होतं. सर्व्हरची खोली मजल्याच्या एका टोकाला असेल, तर हे नकाशावर बोट ठेवून आधीच पाहायचं.

आता शनिवार. इथलं न लिहिलेलं काम जुन्या इमारतीच्या सुरक्षारक्षकाकडून कळलं, कुठल्याही कागदावरून नाही. सामानाची लिफ्ट शनिवारी दहा ते चारच मिळते, त्यासाठी आधी अर्ज लागतो आणि लिफ्टच्या भिंतींना गाद्या लावल्याशिवाय सामान चढवू देत नाहीत. सामान हलवणाऱ्या कंपनीने दरपत्रकात ‘एक दिवस’ लिहिलं होतं. लिफ्टचे सहा तास म्हणजे एक दिवस नाही, म्हणून फेऱ्या मोजल्या.

माणशी दोन खोकी म्हणजे ८४, विभागांची सामाईक ६०, एकूण १४४. एका ट्रॉलीवर सहा, म्हणजे २४ फेऱ्या. संगणक आणि मॉनिटर ठेवलेले ४२ क्रेट, चार-चार करून ११. खुर्च्या ४२, त्याही चार-चार करून ११. सुटी केलेली टेबलं ४२, तीन-तीन करून १४. कपाटं १२, एकेक करून १२. एकूण ७२ फेऱ्या. ट्रॉली चढवणं, खाली जाणं, उतरवणं, रिकामी परत येणं याला घड्याळ लावून पाहिलं तर सहा मिनिटं लागतात. ७२ गुणिले सहा म्हणजे ४३२ मिनिटं, सात तासांच्या वर. मिळणारे सहा तास, म्हणजे ६० फेऱ्या. जास्त माणसं लावून हे सुटत नाही, लिफ्ट एकच आहे. चारच्या पुढे उरलेलं सामान जुन्या मजल्यावर अडकतं आणि ते बहुधा शेवटी भरलेलं, म्हणजे सगळ्यात आधी लागणारं असतं.

कपाटांचा हिशेब तर सहा मिनिटांतही बसत नव्हता. कपाटाची उंची १९८ सेंटिमीटर, ट्रॉली १५, एकूण २१३, आणि लिफ्टचं दार २०० उंच. कपाट ट्रॉलीवर उभं आत जात नाही. ते खाली उतरवायचं, तिरकं करून आत घ्यायचं, बाहेर पुन्हा चढवायचं. तेही रिकामं असेल तरच. पाचशे कागदांचं ए-फोर रीम अडीच किलोचं आणि साधारण पाच सेंटिमीटर जाडीचं असतं, म्हणजे गच्च भरलेल्या फळीच्या एका मीटरवर वीस रीम, ५० किलो. ९० सेंटिमीटरच्या चार फळ्यांचं कपाट गच्च भरलेलं असेल, तर आत फक्त कागदाचं वजन १८० किलोपर्यंत जातं. ते तिरकं करणं कुणाच्याच आवाक्यात नाही, आणि तसं केलं तर पत्रा पिळवटून दारं नंतर लागत नाहीत.

उपाय म्हणून बाराही कपाटं आणि सामाईक ६० खोकी शुक्रवारी संध्याकाळच्या वेगळ्या परवानगीवर काढली. त्या खोक्यांच्या दहा आणि कपाटांच्या बारा फेऱ्या गेल्यावर शनिवारी ५० उरल्या, म्हणजे ३०० मिनिटं, पाच तास. एक तास हाताशी. नव्या इमारतीतही हाच हिशेब करायचा असतो आणि तिथल्या लिफ्टची वेळ जुन्या लिफ्टपेक्षा पुढे सरकलेली घ्यायची, कारण पहिला ट्रक पोहोचेपर्यंत तिथे काम नसतं आणि शेवटचा ट्रक इथलं काम संपल्यावर निघतो.

कपाटं रिकामी करायला लागल्यामुळे अजून एक काम वर आलं. फायली बाहेर निघाल्या की त्यातल्या कुठल्या न्यायच्या, कुठल्या नष्ट करायच्या हे कुणाला तरी ठरवावं लागतं. कायद्याने किती वर्षं ठेवायच्या हे हिशेब विभागाला माहीत असतं, पगाराच्या आणि वैद्यकीय कागदांना हात कोण लावू शकतं हे मनुष्यबळ विभागाला. इंटर्नने यातलं काहीही स्वतः ठरवू नये. माझ्या तक्त्यात म्हणून ‘निर्णय’ असा वेगळा रकाना होता: निर्णय कुणाचा, कोणत्या तारखेपर्यंत हवा, आणि तोपर्यंत आला नाही तर काय थांबतं. तिसरा भाग लिहिल्यावर माणसं उत्तर देतात. ‘कृपया लवकर कळवा’ याला उत्तर येत नाही. ‘१५ तारखेपर्यंत नाही कळलं तर कपाटं भरलेलीच राहतील आणि शुक्रवारी निघणार नाहीत’ याला येतं.

सर्व्हरबद्दल थोडक्यात. बॅकअप घेतला एवढ्यावर समाधान मानायचं नाही, त्यातून एखादी फाईल दुसऱ्या यंत्रावर परत काढून पाहायची. बंद करताना आधी अनुप्रयोग, मग डेटाबेस, मग साठवण, शेवटी नेटवर्कची उपकरणं, आणि चालू करताना बरोबर उलटा क्रम. काढण्याआधी मागच्या वायरींचे फोटो आणि दोन्ही टोकांना चिठ्ठ्या. यूपीएसच्या बॅटऱ्यांबद्दल सामान हलवणाऱ्या कंपनीला लेखी विचारायचं, शिसं आणि आम्ल असलेल्या बॅटऱ्या नेहमीच्या सामानात घ्यायला पुष्कळ जण नकार देतात आणि त्यांचा विमाही वेगळा असतो. ट्रक दाराशी उभा असताना हा नकार ऐकायची वेळ येऊ नये.

सर्व्हर शनिवारी सगळ्यात शेवटी काढायचा असं सोयीचं वाटतं, कारण तोपर्यंत लोकांना काम करता येतं. पण चालू करून तपासायला सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो. म्हणून तो पहिल्या ट्रकमध्ये, आणि शुक्रवारी संध्याकाळी ठरलेल्या वेळेनंतर काम बंद हे आठवडाभर आधी जाहीर.

चाव्या परत देण्याच्या ओळीत दोन आठवडे दडलेले होते. जुन्या करारात जागा मूळ स्थितीत परत द्यायची अट असते. आपण घातलेली पार्टिशन काढायची, भिंतींतली भोकं बुजवायची, रंग द्यायचा, वायरी काढायच्या. हे सामान निघाल्यावरच सुरू होतं. किती करायचं हे आपण ठरवत नाही, मालक पाहणी करून ठरवतो, म्हणून त्याला सामान निघण्याआधीच एकदा बोलावून यादीवर सही घ्यायची. जुनी इंटरनेट जोडणी पहिल्या आठवड्यात तोडायची नाही. बाहेरच्या सगळ्यांनी नवा पत्ता नोंदवल्याची खात्री होईपर्यंत ती चालू ठेवायची आणि बंद करण्याची सूचना मात्र कराराच्या मुदतीप्रमाणे आधीच देऊन ठेवायची, नाहीतर रिकाम्या जागेचं बिल येत राहतं.

रंग वाळल्यावर मालकासोबत प्रत्येक खोलीचे फोटो, वीजमीटरचं रीडिंग दोघांच्या सहीने, प्रवेशकार्डं मोजून परत आणि चाव्या मिळाल्याची तारीख घातलेली पावती. अनामत रकमेचा हिशेब त्या पावतीच्या तारखेपासून सुरू होतो, त्यामुळे ती पावती हिशेब विभागाकडे पोहोचवणं ही यादीतली शेवटची नोंद होती.